सुट्टीचा दिवस आणि कामामुळे होणारा दमा : निदानाच्या एका पद्धतीचा इतिहास

एखाद्या कामगाराला दम लागतो. तो कापडगिरणीत, मैद्याच्या गिरणीत किंवा गाड्यांना स्प्रेने रंग मारणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याचा दमा कामामुळे आहे, की त्याला तो एरवीही झाला असता? छातीचा एक्स-रे हे सांगू शकत नाही, कारण दम्याच्या रुग्णाचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ असतो. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी घरघर दोन्ही प्रकारच्या दम्यात सारखीच असते. मग फरक कसा ओळखायचा?

या पाठात आपण त्या प्रश्नाच्या एका उत्तराचा इतिहास पाहणार आहोत. उत्तर साधे आहे. कामगार कामावर असताना आणि सुट्टीवर असताना त्याचा श्वास कसा बदलतो ते पाहायचे. यंत्रात बिघाड कुठे आहे हे शोधताना आपण एक भाग बंद करून पाहतो, पुन्हा चालू करून पाहतो, तशीच ही पद्धत आहे. मात्र तिला एक अट आहे. कामगाराला खरोखरची सुट्टी मिळाली पाहिजे, आणि ती पुरेशी लांब असली पाहिजे. म्हणून या निदानाचा इतिहास सुट्टीच्या इतिहासाला जोडलेला आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईच्या गिरणगावात घडला.

१. सोमवारची छाती

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. हे नाव तलम लिननसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आणि १८७७ साली फ्रेंच डॉक्टर प्रूस्त यांनी ते रूढ केले. आजार मात्र नावापेक्षा जुना आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात अंबाडी-जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची आणि पीठ हाताळणाऱ्यांना लागणाऱ्या दमाची नोंद आहे.

बिसिनोसिसची खरी खूण १८४५ साली नोंदली गेली. बेल्जियममधील गेंट शहराच्या कापडगिरण्यांत मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी कामगारांची विचारपूस केली. कामगारांनी सांगितले की धुळीचा त्रास सोमवारी आणि मंगळवारी जास्त होतो आणि आठवड्याच्या शेवटी कमी होतो. हे ऐकायला उलटे वाटते. धूळ रोज तितकीच, तर सहा दिवस ती छातीत गेल्यावर शनिवारी त्रास जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात रविवारच्या विश्रांतीनंतर, कामाच्या पहिल्याच दिवशी, छाती आवळल्यासारखी होते.

याचे कारण पुढे बरेचसे उलगडले. कच्च्या कापसात बोंडाभोवतीच्या पानांचे बारीक तुकडे मिसळलेले असतात. त्यांच्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातून एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ धुळीत येतो. तो श्वासनलिकांना सूज आणतो. रोज संपर्क आला की शरीर त्याला काही प्रमाणात सरावते आणि प्रतिक्रिया मंदावते. मध्ये विश्रांती मिळाली की हा सराव मोडतो, आणि पहिल्या दिवशी प्रतिक्रिया पुन्हा जोरात येते. म्हणून सर्वांत जास्त त्रास कुठे, तर जिथे गाठी फोडून कापूस मोकळा करतात त्या ब्लोरूममध्ये आणि जिथे तो पिंजतात त्या कार्डिंग खात्यात. विणाई खात्यात येईपर्यंत सुतातला बराच कचरा निघून गेलेला असतो.

या कथेत आपल्याकडचा कापूसही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि तिथला कापूस लँकेशायरला पोहोचत नव्हता. त्याऐवजी मुंबई बंदरातून गेलेला, व्यापारात ‘सुरती’ म्हणून ओळखला जाणारा हिंदी कापूस तिथल्या गिरण्यांत आला. तो आखूड धाग्याचा होता आणि त्यात कचरा जास्त होता. या सुरती कापसाचा कामगारांच्या शरीरावर काय परिणाम होतो, यावर १८६३ साली जेसी लीच यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मुंबईतल्या व्यापाऱ्यांना ज्या कापसाने श्रीमंत केले, त्याची धूळ लँकेशायरच्या कार्डिंग खात्यात उडत होती.

२. मुंबईत रविवार कधी आला?

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी भागात गिरण्यांचे जाळे उभे राहिले आणि कोकण, घाट व देशावरून आलेली माणसे तिथे कामाला लागली. धूळ होती, कापूस होता, कामगार होते. पण गेंटच्या डॉक्टरांनी नोंदली ती सोमवारची खूण इथे दिसायला एक गोष्ट कमी होती. गिरणी कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती.

युरोपात रविवार हा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस होता. डॉक्टरांनी तो आजार शोधण्यासाठी मुद्दाम ठरवला नव्हता. तो त्यांना आयता मिळाला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही त्यांनी मांडले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ही मागणी मान्य केली.

लोखंड्यांची मागणी विश्रांतीसाठी आणि माणूस म्हणून जगता यावे यासाठी होती, वैद्यकीय तपासणीसाठी नव्हती. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा. ज्या कामगाराला सलग काम आहे, त्याच्या श्वासाच्या नोंदीत ‘चालू’ एवढीच स्थिती आहे. ‘बंद’ ही स्थिती आल्याशिवाय तुलना होत नाही. साप्ताहिक सुट्टीने ती स्थिती आणली.

३. प्रश्नावली आणि केईएम रुग्णालय

कामगारांची तक्रार आणि वैद्यकीय पुरावा यांच्यामधले अंतर १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी कमी केले. लँकेशायरच्या गिरण्यांत त्यांनी प्रत्येक कामगाराला ठरावीक शब्दांत तेच प्रश्न विचारले. छाती आवळते का? आठवड्याच्या कोणत्या दिवशी? दरवेळी की कधीकधी? उत्तरांवरून त्यांनी श्रेणी पाडल्या. कामाच्या पहिल्या दिवशी कधीकधी त्रास होत असेल तर अर्धी श्रेणी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी होत असेल तर पहिली. पहिल्या आणि इतर दिवशीही होत असेल तर दुसरी. आणि श्वसनक्षमता कायमची घटली असेल तर तिसरी.

या श्रेण्या नीट वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. आजार जसा वाढतो, तशी सोमवारची खूण पुसट होते. तिसऱ्या श्रेणीच्या कामगाराला रविवारीही दम लागतो. आता तो दीर्घकाळ विडी ओढणाऱ्या माणसाच्या श्वासरोगासारखाच दिसतो. पुरावा सर्वांत स्पष्ट असतो तो कामगार अजून काम करू शकत असताना. तो थकून घरी बसतो तेव्हा पुरावा गेलेला असतो. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात सुरू झालेली भरपाई मात्र अशाच कायमच्या निकामी झालेल्यांसाठी होती, आणि त्यातही ठरावीक खात्यांत वीस वर्षे काम केलेल्या पुरुषांपुरती.

मुंबईत हाच पेच केईएम रुग्णालयातील डॉक्टरांसमोर होता. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय परळला, गिरण्यांच्या ऐन वस्तीत आहे. तिथले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडगिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या अभ्यासाचा विषयच हा होता, की बिसिनोसिस आणि नेहमीचा दीर्घकालीन श्वासरोग वेगळे कसे ओळखायचे. एकाच दिवशी एकदा तपासून हे जमत नाही. त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

मोजण्याचे साधन स्पायरोमीटर. कामगार खोल श्वास घेऊन जोराने सोडतो, आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली ते पाहतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी एक मोजणी आणि पाळी संपताना दुसरी. हा आकडा दर वेळी लक्षणीय घटत असेल तर कामगाराच्या शब्दाला आकड्याचा आधार मिळतो.

मुंबईच्या परिस्थितीत इथे दोन अडचणी येतात. पहिली, बदली कामगार. त्याला रोज काम मिळेलच असे नसते. त्याचा ‘सोमवार’ बुधवारीही येऊ शकतो. म्हणून प्रश्न वाराचा नसून खाड्यानंतरच्या पहिल्या पाळीचा आहे, हे विचारणाऱ्याला माहीत हवे. दुसरी, ज्यांना धूळ सोसत नाही ते लवकर काम सोडतात किंवा दुसऱ्या खात्यात जातात. गिरणीत उरलेल्यांना तपासले तर आजार प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारो कामगार पुन्हा कधी खात्यात गेले नाहीत. ज्यांची छाती आधीच खराब झाली होती, त्यांच्यासाठी ‘चालू-बंद’ तुलना कायमची अशक्य झाली. चालू स्थितीत घेतलेली नोंद हाती नसेल, तर तुलनेची एक बाजू रिकामीच राहते. गिरण्या उरल्या होत्या तिथे काम पुढे चालू राहिले. मुंबईतल्याच एका कापडगिरणीतील बिसिनोसिसवर डॉ. व्ही. मुरलीधर आणि सहकाऱ्यांचा लेख १९९५ साली प्रसिद्ध झाला.

४. पीठ आणि आयसोसायनेट : जेव्हा एक रविवार पुरत नाही

आता दुसऱ्या दोन पदार्थांकडे वळू. त्यांच्यामुळे होणारा दमा कापसापेक्षा वेगळ्या वाटेने जातो.

पिठाच्या दम्यात शरीराला गव्हातील प्रथिनांची ॲलर्जी होते. पावात घालायच्या सुधारकांमध्ये बुरशीपासून काढलेले अमायलेज हे विकर असते, त्याचीही होते. ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. महिने किंवा वर्षे संपर्क आल्यावर ती तयार होते, म्हणून ‘मी दहा वर्षे हेच काम करतोय, तेव्हा काही झाले नाही’ हे वाक्य तिच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. आयसोसायनेट ही रसायने पॉलियुरेथेन फोममध्ये आणि गाड्यांना मारायच्या दोन घटक मिसळून बनणाऱ्या रंगात असतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या श्वासाच्या त्रासाची नोंद १९५१ साली फ्रान्समध्ये झाली. (१९८४ साली भोपाळमध्ये गळलेला मिथाइल आयसोसायनेट हा वेगळा पदार्थ आहे. तिथे प्रश्न एका रात्रीच्या विषबाधेचा होता.) आयसोसायनेटचा त्रास पुष्कळदा काही तासांनी, घरी गेल्यावर संध्याकाळी सुरू होतो. त्यामुळे कामगाराला आणि कधी डॉक्टरलाही कामाचा संशय येत नाही.

कापसाच्या आजाराच्या उलट, या दोन्ही दम्यांत त्रास आठवड्याभर वाढत जातो. आणि एका रविवारी फुप्फुसे सावरत नाहीत. म्हणून ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का?’ या प्रश्नाला कामगार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो आणि तरीही त्याचा दमा कामाचाच असू शकतो. ‘गावी पंधरा दिवस गेलात तेव्हा कसे होते?’ हा प्रश्न जास्त उपयोगी.

रोज मोजायचे तर त्या काळचा स्पायरोमीटर बरोबर नेता येत नसे. ही अडचण पीक फ्लो मीटरने सोडवली. राइट आणि मॅकेरो यांनी तो १९५९ साली मांडला, आणि नंतर त्याची हातात मावणारी प्लॅस्टिकची नळी आली. जोराने फुंकल्यावर हवेचा कमाल वेग मिनिटाला किती लिटर, ते ती दाखवते. १९७९ साली शेरवूड बर्ज आणि सहकाऱ्यांनी आयसोसायनेटच्या कामगारांकडून अशा नोंदी दिवसातून अनेकदा, कित्येक आठवडे घेतल्या आणि त्या निदानाला उपयोगी पडतात हे दाखवले.

५. एक उदाहरण सोडवून पाहू

म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि तिथे पीठगिरणीचे तंत्र शिकवले जाते. समजा, त्या शहरातल्या एका मैद्याच्या गिरणीत पोती भरणारा ३४ वर्षांचा कामगार आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे अशा दम्यात दिसतात तसे घेतले आहेत.

त्याला पीक फ्लो मीटर दिला. उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी तीन वेळा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. शेजारी पाळी, सुट्टी आणि पंप घेतल्याची वेळ लिहायची. हे चार आठवडे करायचे, आणि त्यात कामाचे आठवडे व किमान दहा दिवसांची रजा आली पाहिजे.

कामाच्या आठवड्यात त्याची रोजची सरासरी सोमवारी ४३०, बुधवारी ४००, शनिवारी ३६० आली. रविवारी ३७५. फक्त हा रविवार पाहिला तर सुट्टीने फारसा फरक पडत नाही असे वाटेल. रजेच्या दहाव्या दिवशी मात्र सरासरी ४६० झाली. कामावर परतल्यावर तीन दिवसांत ती पुन्हा ४०० वर आली.

आता एकाच दिवसातला चढउतार काढा. दिवसातील सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करायचा, त्या दिवसाच्या सरासरीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. कामाच्या एका गुरुवारी कमाल ४३०, किमान ३२०, सरासरी ३८०. चढउतार ११० भागिले ३८०, म्हणजे सुमारे २९ टक्के. रजेच्या शेवटच्या दिवशी कमाल ४८०, किमान ४४०, सरासरी ४६०. चढउतार सुमारे ९ टक्के. निरोगी माणसातही पहाटे आकडा थोडा खाली असतो, पण इतका फरक पडत नाही. सरासरी घटणे आणि चढउतार वाढणे या दोन्ही गोष्टी कामाबरोबर येतात आणि रजेबरोबर जातात. हीच कामाशी जोडलेली खूण.

नोंद कुठे फसते तेही पाहा. रातपाळीत झोपेची वेळ बदलते, म्हणून दिवसपाळीची तुलना रातपाळीशी करू नये. रजेत पंपाचे औषध वाढवले तर सुधारणा रजेची की औषधाची हे कळत नाही, म्हणून औषध सारखे ठेवावे. एका बैठकीत मागच्या सगळ्या नोंदी भरल्या तर आकडे फार नीटनेटके दिसतात. त्यासाठी वेळेसह नोंद साठवणारे मीटर वापरतात. आणि ज्याचा दमा जोरात आहे, त्याला केवळ नोंदीसाठी धुळीत परत पाठवणे धोक्याचे असते. तो निर्णय डॉक्टरचा.

नोंदीतून कामाशी संबंध कळतो. नेमका पदार्थ कोणता, हे कळत नाही. पिठासाठी त्वचेवर गव्हाच्या अर्काची चाचणी किंवा रक्तातील आयजीई प्रतिद्रव्ये तपासता येतात. आयसोसायनेटच्या बहुसंख्य रुग्णांत हे प्रतिद्रव्य सापडत नाही, म्हणून तिथे नकारात्मक रक्ततपासणीने काम निर्दोष ठरत नाही. शेवटचा उपाय म्हणजे नियंत्रित चाचणी. लंडनमध्ये जॅक पेपिस यांनी ती रूढ केली. कामगार एका छोट्या खोलीत बसून एका ताटातून दुसऱ्या ताटात पीठ ओततो, किंवा संशयित रंग ब्रशने लावतो, आणि नंतर कित्येक तास त्याचा श्वास मोजतात. वेगळ्या दिवशी निरुपद्रवी पदार्थाने तेच करतात. ही चाचणी फक्त तयारी असलेल्या रुग्णालयातच करतात.

६. कायद्यासमोर

भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आणि कामातल्या पदार्थांमुळे होणारा दमा, दोन्ही आले. अशा दम्याबाबत कायद्याचे गृहीतक कामगाराच्या बाजूचे होते. त्या कामावर सलग सहा महिने झालेले असतील, तर उलट सिद्ध होईपर्यंत आजार कामामुळेच झाला असे मानायचे. पण त्याआधी त्याला तो आजार आहे हे तर दाखवावे लागते, आणि तिथे पुन्हा तीच चार आठवड्यांची वही लागते.

ती वही कामगार नोकरीवर असतानाच भरता येते. मुंबईच्या कितीतरी गिरणी कामगारांना ती संधी मिळाली नाही. पीठगिरणीत किंवा रंगाच्या वर्कशॉपमध्ये आज काम करणाऱ्याला दम लागू लागला, तर नोकरी सोडण्याआधी नोंद सुरू करणे हा या इतिहासातून निघणारा व्यवहारातला धडा आहे. उद्या तुम्ही अशा कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेलात, तर त्याच्या रजेचा अर्ज आणि हजेरीपत्रक हे त्या नोंदीचे अर्धे भाग आहेत, हे लक्षात ठेवा.

सरावासाठी प्रश्न

१. बिसिनोसिस आणि पिठाचा दमा यांत आठवड्याभराचा आलेख कसा वेगळा दिसेल? दोन्ही काढून दाखवा.

२. एका कामगाराच्या नोंदीत कमाल ३९०, किमान ३१२ आणि सरासरी ३५० आहे. दिवसातील चढउतार किती टक्के? केवळ या एका आकड्यावरून कामाशी संबंध सांगता येईल का? का?

३. तिसऱ्या श्रेणीच्या बिसिनोसिसमध्ये सुट्टी आणि काम यांची तुलना कमी उपयोगी का ठरते?